पिस्तूल राऊंड हरलो की पुढचे तीन राऊंड आम्ही गरीबच का?

प्रश्न: दादा, आम्ही पाच जण रोज व्हॅलोरंट खेळतो. एम बरा आहे, पण पिस्तूल राऊंड हरलो की सगळं कोलमडतं. दोघांकडे बंदूक असते, तिघांकडे नसते, आणि बघता बघता ०-४ होतं. कधी सेव्ह करायचं, कधी फोर्स, हे नेमकं कसं ठरवायचं? पैशांचा हिशेब मला आजवर कळलेलाच नाही.

उत्तर:

तुझ्या प्रश्नातलं "दोघांकडे असते, तिघांकडे नसते" हेच दुखणं आहे. सेव्ह, म्हणजे पैसे राखायचे, की फोर्स, म्हणजे आहेत तेवढे उडवून लढायचं, हे त्याच्यानंतर येतं. पाचही जणांनी मिळून चुकीचा निर्णय घेतला तरी एखादा राऊंड निघतो. दोघांनी एक आणि तिघांनी दुसरा घेतला, तर दोन्ही निर्णयांचे तोटे पदरात पडतात आणि फायदा एकाचाही मिळत नाही. पण हे नुसतं सांगून पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. म्हणून आकडे मांडूनच दाखवतो. बंदुकांच्या किमती पॅचनुसार शे-दोनशेनं सरकतात, तेव्हा खेळताना मेनूतला आकडा खरा धर. हिशेबाची रीत तीच राहते.

आधी पैसे येतात कुठून ते बघ. अर्धा सुरू होताना प्रत्येकाला ८०० क्रेडिट्स, म्हणून तो पहिला राऊंड पिस्तुलांचा. राऊंड जिंकला तर प्रत्येकी ३०००. हरला तर १९००, लागोपाठ दुसरा हरला तर २४००, तिसरा आणि त्यापुढचा प्रत्येक हरला तर २९००. मधे एक जरी जिंकलास तर हरण्याची शिडी पुन्हा १९०० पासून सुरू. एका किलचे २००. आक्रमण करताना स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावला तर लावणाऱ्यालाच नाही, पाचही जणांना ३०० मिळतात, राऊंड हरलात तरी. खिशात जास्तीत जास्त ९००० मावतात, त्यावरचे वाया.

आणि जातात कुठे? व्हँडल किंवा फँटम २९०० ला, जड शील्ड १००० ला. म्हणजे नुसती बंदूक आणि शील्ड ३९००. त्यावर स्मोक, फ्लॅश, बाण वगैरेंचे माणशी साधारण ५०० धर. ४४०० हा आकडा डोक्यात पक्का बसव. यालाच आपण फुल बाय म्हणतो, आणि सगळा हिशेब या एका आकड्याभोवती फिरतो.

आता दोन आकडे शेजारी ठेव: जिंकल्यावर मिळतात ३०००, पूर्ण तयारीला लागतात ४४००. म्हणजे जिंकून कोणी श्रीमंत होत नाही! श्रीमंत होतो तो जिंकून जिवंत राहणारा, कारण त्याची बंदूक पुढच्या राऊंडला फुकट मिळते. समज, तुझ्याकडे ६००० आहेत. ४४०० खर्च केलेस, उरले १६००. एक किल घेऊन मेलास, पण टीम जिंकली: ३२०० आले, झाले ४८००. पुन्हा ४४०० घातलेस, पुन्हा एक किल, पुन्हा मेलास, पुन्हा टीम जिंकली. आता तुझ्याकडे ३६०० आहेत. सलग दोन राऊंड जिंकूनही तिसऱ्याला तुला पूर्ण खरेदी परवडत नाही. स्कोअरबोर्डवर पुढे असलेली टीम अचानक पिस्तुलं घेऊन उतरते ती यामुळेच. हरताना तुम्ही समोरच्यांचे चार जण घेऊन मेलात, तर तो राऊंड तुम्ही निम्मा जिंकलात असं मी मुलांना सांगतो, ते याच हिशेबावर.

आता तुझी नेहमीची गोष्ट घेऊ. तुम्ही आधी आक्रमणावर आहात, पिस्तूल राऊंडला स्पाइक लावलात, पण डिफ्यूज झाला आणि हरलात. ८०० सगळ्यांनी उडवले. हरल्याचे १९०० आणि स्पाइकचे ३०० मिळून प्रत्येकी २२००. पात्रांच्या नावानं सांगतो: जेटनं दोन किल घेतले, तिच्याकडे २६००. ओमेननं एक, त्याच्याकडे २४००. सोव्हा, किलजॉय आणि रेझ २२०० वर. टीमचे एकूण ११,६००.

खरेदीची वेळ ३० सेकंद. (पिस्तूल राऊंडला ४५ मिळतात, पुढे ३०.) आता तुमच्या लॉबीत काय होत असेल ते मी न ऐकताही सांगतो. जेट म्हणते, "मी फोर्स करतेय, हात गरम आहे." आणि १६०० ची स्पेक्टर, १००० चं शील्ड घेऊन मोकळी होते. तिच्याकडे शून्य. ते बघून रेझ ८०० ची शेरीफ आणि जड शील्ड घेतो, उरतात ४००. सोव्हाला वाटतं आता आपणही काहीतरी घ्यावं, तो ११०० ची स्टिंगर आणि ४०० चं हलकं शील्ड घेतो, उरतात ७००. ओमेन आणि किलजॉय शहाणे, ते "इको आहे ना रे?" म्हणत, म्हणजे हा सेव्हचाच राऊंड धरून, काहीच घेत नाहीत. समोर पाच स्पेक्टर आणि पाच शील्डं. जेट एक किल घेते, बाकी राऊंड पंचवीस सेकंदांत संपतो, स्पाइक लागतच नाही.

दुसरा सलग पराभव, म्हणून प्रत्येकी २४०० आले. तिसऱ्या राऊंडला जेटकडे २६००, रेझकडे २८००, सोव्हाकडे ३१००, ओमेनकडे ४८००, किलजॉयकडे ४६००. एकूण १७,९००. आता ठरव काय करायचं ते. ओमेन आणि किलजॉय पूर्ण खरेदी करू शकतात, बाकी तिघे नाही. त्या दोघांनी घेतलं तर दोन रायफली आणि तीन खेळणी घेऊन जाणार. नाही घेतलं तर त्यांनी दुसरा राऊंड सेव्ह केला कशासाठी? यातून चांगली वाट निघतच नाही. तुमचा तिसरा राऊंड दुसऱ्या राऊंडच्या खरेदीतच गेला होता.

तोच दुसरा राऊंड उलट्या बाजूनं मोजू. तिसऱ्याला प्रत्येकाला ४४०० हवेत. दुसरा हरलात तरी २४०० येणारच आहेत. म्हणजे दुसरा राऊंड संपताना प्रत्येकाच्या खिशात २००० शिल्लक असले की झालं. जेटकडे २६०० आहेत, ती ६०० खर्चू शकते. ओमेन ४००. बाकी तिघे २००. जेटनं ५०० ची घोस्ट घेतली, ओमेननं ४०० चं हलकं शील्ड घेतलं, तिघांनी प्रत्येकी २०० पर्यंतचं सामान घेतलं. समज, हा राऊंड हरलात, एकही किल नाही. तरी तिसऱ्याला जेटकडे ४५००, बाकी चौघांकडे प्रत्येकी ४४००. पाच जणांची पूर्ण खरेदी, एकूण २२,१००. आधीच्या प्रकारापेक्षा टीमकडे ४२०० जास्त आहेत, आणि मुख्य म्हणजे ते पाच जणांत सारखे वाटलेले आहेत.

हे उलटं मोजणं हाच सगळा खेळ. "आता माझ्याकडे किती आहेत" हा प्रश्न विचारायचाच नाही. "हा राऊंड हरलो तर पुढच्याला माझ्याकडे किती असतील" हा विचारायचा. ही आकडेमोड तोंडी करायचीही गरज नाही. खरेदीच्या मेनूतच पुढच्या राऊंडला कमीत कमी किती क्रेडिट्स असतील ते लिहिलेलं असतं आणि तू काही घेतलंस की तो आकडा तिथल्या तिथे कमी होतो. नवीन मुलांना मी पहिले दोन आठवडे एवढंच करायला लावतो: वरचा मोठा आकडा बघायचा नाही, हा छोटा बघायचा. तो ३९०० च्या खाली जातोय का? मग विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. चुकून घेतलंस तर घाबरू नकोस, खरेदीची वेळ संपायच्या आत त्याच राऊंडला घेतलेली वस्तू पूर्ण किमतीला परत करता येते.

आता तू म्हणशील, २०० रुपयांत काय लढायचं? (क्रेडिट्सना आम्ही रुपयेच म्हणतो, सवय.) म्हणून एक मधली वाट आहे, आणि मला स्वतःला ती जास्त आवडते. तिसऱ्या राऊंडला जड शील्डाऐवजी हलक्यावर भागवायचं ठरवा. व्हँडल २९००, हलकं शील्ड ४००, वर ५०० चं सामान: ३८००. त्यातून येणारे २४०० वजा केले की दुसऱ्या राऊंडनंतर १४०० शिल्लक हवेत. म्हणजे २२०० वाला बरोबर ८०० खर्च करू शकतो, आणि शेरीफ ८०० लाच येते. पाच शेरीफ! शेरीफच का? कारण तीस मीटरच्या आत तिची डोक्यात बसलेली एक गोळी १५९ डॅमेज करते, आणि जड शील्ड घातलेला माणूसही १५० वर संपतो. घोस्टची डोक्यातली गोळी १०५ ची. उघड्या माणसाला पुरेल, शील्डवाल्याला दोन लागतात. म्हणून समोर शील्डं असणार हे नक्की माहीत असताना घोस्टपेक्षा शेरीफ जास्त किंमत वसूल करते. अट एकच, एकेकटं जायचं नाही. पाच शेरीफवाले एकाच दारातून एकदम घुसले तर दोघे-तिघे घेऊन मरतात, आणि स्पाइक लागला तर वर पाच जणांना मिळून १५०० येतात. इको राऊंडला स्पाइक लावणं म्हणजे जवळजवळ दोन शेरीफ फुकट.

मग फोर्स कधीच नाही का? तसं नाही. दुसऱ्या राऊंडला पाचही जणांनी फोर्स करणं हा सरळ जुगार आहे, आणि जुगार म्हणून तो वाईट नाही. समोरच्यांकडेही अजून रायफली नाहीत, स्पेक्टरच आहेत. तुम्ही जिंकलात तर त्यांच्या बंदुका तुमच्या, आणि पिस्तूल जिंकल्याचा त्यांचा फायदा एका राऊंडात धुतला जातो. पण हरलात तर त्याची किंमत स्वच्छ डोळ्यांनी बघ. सगळं खर्च करून हरलात, तिसऱ्याला प्रत्येकी जेमतेम २४००. तिसरा सेव्ह करून हरलात तर वर २९००, झाले ५३००, आणि तुमची पहिली पूर्ण खरेदी चौथ्या राऊंडला. म्हणजे फोर्स फसला तर पहिली खरी लढाई ०-३ वर, सेव्ह केलं तर ०-२ वर. एका राऊंडचा फरक. तो देण्याइतका आपला पाच जणांचा हल्ला दमदार आहे का, हे टीमनं ठरवायचं. ते ठरवायला लीडर लागतो, आणि जेटचा हात गरम आहे हे त्यासाठी पुरेसं कारण नाही.

आता समोरच्यांच्या खिशात डोकावू, कारण तिसऱ्या राऊंडला तुम्हाला काय भेटणार ते तिथे ठरतं. ते पिस्तूल जिंकले: ३००० आणि एक किल, ३२००. स्पेक्टर आणि जड शील्ड घेतलं, २०० चं सामान घेतलं, उरले ४००. दुसराही जिंकले, एक किल: झाले ३६००. आता त्यांना व्हँडल घेता येते. घेतली, थोडं सामान घेतलं, तर उरतात ४०० च्या आसपास. आणि तुम्ही पाच रायफली घेऊन त्यांना हरवलंत तर त्यांना पहिल्या पराभवाचे १९०० मिळणार. चौथ्याला त्यांच्याकडे २३००, म्हणजे कंबर मोडली. म्हणून शहाणी टीम तिसऱ्याला रायफल घेत नाही. वाचलेल्या स्पेक्टरवरच खेळते, पाचेकशे खर्चते आणि ३१०० राखते. हरली तरी १९०० येऊन ५००० होतात, चौथ्याला आरामात पूर्ण खरेदी. याला बोनस राऊंड म्हणतात. जिंकला तर फुकटचा, हरला तरी नुकसान नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की तिसऱ्या राऊंडला तुमच्या रायफलींसमोर त्यांच्या स्पेक्टर असतील. स्पेक्टर जवळून जोरात चालते, लांबून तिचं डॅमेज गळतं. म्हणजे कोपऱ्यात नाक खुपसत फिरायचं नाही, लांब लाईन धरायच्या, त्यांना तुमच्याकडे यायला लावायचं. हा राऊंड तुम्ही हरता कामा नये, कारण तुम्ही तो दुसऱ्या राऊंडचा बळी देऊन विकत घेतलाय. आणि जिंकताना शक्यतो जिवंत राहा. जिंकलात पण चौघे मेलात, तर ४४०० घालून आलेल्या चौघांच्या खिशात किलचे पैसे धरून ३२००-३४०० असतील, आणि चौथ्याला त्यांची पूर्ण खरेदी होणार नाही. नवख्या टीम इथेच परत घसरतात. तिसरा जिंकल्याच्या आनंदात शेवटच्या एकट्या शत्रूच्या मागे एकेक करून धावतात आणि दोन रायफली त्याला दान करतात.

रायफल वाचवण्यावरून आठवलं. सेव्ह करताना एक नियम बहुतेकांना माहीत नसतो, आणि मीही तो मार खाऊनच शिकलो. हरलेल्या राऊंडला जिवंत राहिलास तर काही वेळा पूर्ण पैसे मिळत नाहीत. आक्रमणावर असताना स्पाइक न लावता वेळ संपला आणि तू जिवंत, किंवा बचावावर असताना स्पाइक फुटला आणि तू कुठेतरी लपून वाचलास, तर १९००, २४०० काहीही असो, तुला फक्त १०००. स्पाइक लावून मग डिफ्यूज झाला आणि तू वाचलास, तर मात्र पूर्ण मिळतात.

म्हणून "सेव्ह कर, सेव्ह कर" असं ओरडण्याआधी हातात काय आहे ते बघायचं. पहिला पराभव असेल तर वाचल्यानं तुझे ९०० जातात, व्हँडल २९०० ची वाचते: निव्वळ २००० चा फायदा, लपून राहा. तिसरा सलग पराभव असेल तर २९०० ऐवजी १०००, म्हणजे १९०० जातात. व्हँडल असेल तर तरीही १००० चा फायदा आणि अंगावर उरलेलं शील्ड वेगळं. पण हातात स्पेक्टर असेल तर? १६०० ची बंदूक वाचवायला १९०० घालवलेस. त्यापेक्षा जाऊन एखादा किल घे आणि मर. शेरीफ घेऊन कोपऱ्यात लपणाऱ्याला तर कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही, तो पहिल्या पराभवालाही शंभर रुपये तोट्यात असतो. एका मॅचमध्ये मी सलग तिसऱ्या हरलेल्या राऊंडला स्टिंगर घेऊन मागच्या स्पॉनमध्ये बसून राहिलो होतो, मोठ्या अभिमानानं. पुढच्या राऊंडला चौघांनी रायफली घेतल्या आणि मी त्याच स्टिंगरवर. "दादा, सेव्ह केलीस ना बंदूक? मग खेळ आता तीच," असं आमच्या सोव्हानं सुनावलं. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काउंटर-स्ट्राइकमधून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून दोन ओळी त्यावर. तिथे हरण्याची शिडी १४०० ते ३४०० अशी पाच पायऱ्यांची आहे, आणि एक राऊंड जिंकलास की ती पूर्ण खाली न येता एकच पायरी उतरते. दहशतवादी बाजूनं बॉम्ब न लावता वेळ संपवून जिवंत राहिलास तर हजार सोड, एक छदामही मिळत नाही. किलचे पैसे बंदुकीवर ठरतात, बहुतेक सबमशीन गनला ६००, एडब्ल्यूपीला अवघे १००. त्यामुळे तिथे गरीब टीम स्वस्त सबमशीन गन घेऊन श्रीमंत होऊ शकते. व्हॅलोरंटमध्ये कशानंही मारलंस तरी २००च, तेव्हा ती युक्ती इथे आणू नकोस.

आता समोरचे काय घेऊन येणार ते कळणार कसं, हा तुझा पुढचा प्रश्न असेल.  त्यासाठी तीन गोष्टी बघ. ते सलग कितवा हरले, त्यांचे किती जण वाचले, आणि तुला कोणत्या बंदुकीनं मारलं. वरच्याच गोष्टीत पुढे जाऊ: तिसरा तुम्ही जिंकलात, चौथ्याला त्यांनी पाच रायफली आणल्या, तोही तुम्ही जिंकलात आणि पाचही मारलेत. ५००० मधून ४४०० गेले, उरले ६००, दुसऱ्या पराभवाचे २४०० आले. प्रत्येकाकडे ३००० च्या जवळपास. व्हँडल घेतली तर शील्ड नाही, शील्ड घेतलं तर व्हँडल नाही. हे मोजायला पाच सेकंद लागतात, आणि लीडरनं खरेदीच्या वेळात मोठ्यानं म्हणायचं: "यांच्याकडे पैसे नाहीत, जज आणि शेरीफ धरा." जज १८५० ची आहे, अरुंद कोपऱ्यात उभी राहिली तर तुमची २९०० ची रायफल काही कामाची नाही. पाचव्या राऊंडला म्हणून कोपरे सामान टाकून साफ करायचे, डोकं घालून नाही. आणि त्यांचा एक जण जिवंत राहिला असता, तर पाचव्याला एक रायफल नक्की असणार, हेही त्याच दमात सांगायचं.

ड्रॉपबद्दल थोडक्यात. कोणाकडे ७००० आहेत आणि कोणाकडे २७००, तर पहिल्यानं स्वतःचं ३९०० चं घेऊन दुसऱ्याला व्हँडल द्यायची. मेनूतून मागता येते, लाजायचं कारण नाही. पण देणाऱ्यानं विचारायचं, हे दिल्यानं टीमची रायफलींची संख्या पाच होतेय का? तिघांकडे नसताना एकालाच दिली तर तुम्ही परत त्या अर्धवट राऊंडला आलात. आणि ९००० च्या जवळ पोचलेल्यानं तर द्यायलाच हवी, त्याच्या पुढचा राऊंड जिंकल्याचे पैसे नाहीतर गळून जाणार. ऑपरेटर ४७०० ची आहे. ती घेऊन दोनदा लागोपाठ मरणारा माणूस टीमवर सगळ्यात महाग पडतो, मग किल कितीही असोत.

शेवटी, हा सगळा हिशेब जिथे मोडायचा असतो ती जागा. बाराव्या राऊंडनंतर बाजू बदलतात आणि सगळ्यांचे पैसे पुसून पुन्हा ८०० होतात. म्हणजे बाराव्या राऊंडला "पुढचा राऊंड" नसतोच. खिशात २१०० असोत की ८९००, सगळे उडवायचे, उरले ते जाळलेले. पुण्यात एका कॉलेजच्या स्पर्धेत आमची टीम ५-६ वर होती. बाराव्याला मी सवयीनं "इको" म्हणालो, चौघांनी मुकाट्यानं ऐकलं, आणि प्रत्येकी तीन-साडेतीन हजार खिशात ठेवून आम्ही पिस्तुलांवर हरलो. बाजू बदलली, आकडा ८०० झाला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. समोरचे १२ वर असतील तेव्हाही तेच, हरलात तर मॅच संपली, वाचवलेले पैसे कोणासाठी? १२-१२ झालं आणि ओव्हरटाइम लागला तर प्रत्येक राऊंडला सरळ ५००० मिळतात, तिथे साठवण्याचा प्रश्नच येत नाही.

तुमच्यासाठी मी एवढंच सुचवीन. पाचांपैकी एकाला, आणि तो शक्यतो जेट खेळणारा नको, खरेदीचा कॉल द्या. खरेदीच्या पहिल्या पाच सेकंदांत त्यानं तीनपैकी एकच शब्द बोलायचा: फुल, इको किंवा फोर्स. तोवर कोणी काही घ्यायचं नाही. इकोला सोबत आकडा सांगायचा, "२००० ठेवा" किंवा "१४०० ठेवा", म्हणजे कोणाला काय परवडतं ते ज्याचं त्याला कळतं. पंधरा दिवस असं खेळा, आणि दर मॅचनंतर एकच गोष्ट मोजा: किती राऊंडना आपल्यात दोन रायफली आणि तीन पिस्तुलं होती. सुरुवातीला सहा-सात निघतील. तो आकडा दोनवर आला की मला कळव, मग बचावावर ऑपरेटर कधी घ्यायची त्यावर बोलू.